पॉलिसीत सहा दिवसांचा खंड पडला, तो माफ करून घेतानाचा अनुभव

गेल्या दिवाळीत आई-बाबांची आरोग्य विमा पॉलिसी सहा दिवस बंद होती. आता ती पुन्हा सुरू आहे, पहिल्या तीन वर्षांचे सगळे फायदे जागेवर आहेत आणि हे शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, छापून आलेलं आहे. पण तिथवर पोहोचायला दिवाळीनंतरचे तीन आठवडे गेले. त्या काळात मला हवी असलेली माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली: थोडी पॉलिसीच्या पुस्तिकेत, थोडी शाखेतल्या मॅडमकडून, थोडी एजंटकाकांकडून, आणि त्यातलीही काही चुकीची. म्हणून सगळं तारखेवार लिहून ठेवतेय.

आधी पॉलिसीबद्दल. आई ५८, बाबा ६१. दोघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी १८ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. ते प्रपोझल फॉर्ममध्ये लिहिलं होतं, त्यामुळे या दोन्ही आजारांना ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड लागला, म्हणजे तेवढे महिने त्यांच्यासाठी क्लेम मिळत नाही. आईच्या गुडघ्यांचं दुखणं नंतर सुरू झालं, पण सांधे बदलण्याच्या ऑपरेशनला आमच्या पॉलिसीत सगळ्यांनाच ३६ महिने थांबावं लागतं. म्हणजे १७ ऑक्टोबर २०२५ च्या मध्यरात्री तिसरी पॉलिसी संपताना हे सगळे वेटिंग पिरियड पूर्ण होत होते. तिन्ही वर्षं एकही क्लेम नव्हता, म्हणून वर्षाला पाच टक्क्यांनी पंधरा टक्के बोनस, म्हणजे पाच लाखांवर आणखी ७५ हजार जमा होणार होते. आईचे डॉक्टर वर्षभर सांगत होते की ऑपरेशन करावंच लागेल, आणि आम्ही या ऑक्टोबरची वाट बघत होतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आलेल्या रिन्युअल नोटिशीत १८ टक्के जीएसटी धरून ४०,३५६ रुपये होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आणि नवीन लिंकवर ३४,२०० रुपये दिसू लागले. १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, गुरुवारी, मी त्या लिंकवरून यूपीआयने पैसे भरले. खात्यातून रक्कम गेली, बँकेचा मेसेज आला. कंपनीच्या पानावर मात्र ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच येत राहिलं, पावती काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी सांगितलं, ‘पैसे आमच्याकडे दिसायला ४८ तास लागू शकतात, तोपर्यंत दुसऱ्यांदा भरू नका.’ मी तक्रार क्रमांक मागून घेतला, आणि तो पुढे फार उपयोगी पडला. त्या रात्री पॉलिसी संपली. शनिवारी धनत्रयोदशी, मग रविवार, मंगळवारी लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा. हेल्पलाइनवर फोन लागायचा, पण दर वेळी ‘सुट्ट्यांनंतर शाखेत जा’ हेच उत्तर. यूपीआयने पैसे गेले पण दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. तसे २१ तारखेला ३४,२०० रुपये खात्यात परत आले. त्या मेसेजनेच खात्री झाली की कंपनीच्या लेखी आम्ही काही भरलेलंच नाही.

त्यात पाडव्याच्या संध्याकाळी बाबांना ताप भरला. खोकला होता, छातीत घरघर होती. जवळच्या डॉक्टरांनी तपासून औषधं दिली आणि घरीच आराम करा म्हणाले. पण रात्री दर तासाला मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होते. आज रात्री दाखल करावं लागलं तर खर्च सगळा आपला, हा विचार डोक्यातून हलत नव्हता. सकाळी ताप उतरला. बाबा म्हणाले, ‘तू झोप आता, मी ठीक आहे.’

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्याही ओळखीतल्या बऱ्याच जणांचा तिच्याबद्दल गैरसमज होता. वार्षिक पॉलिसीला मुदत संपल्यावर ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो. २०१६ च्या आरोग्य विमा नियमांतच विमा नियामक आयआरडीएआयने म्हटलं होतं की रिन्युअलला ३० दिवसांपर्यंत झालेला उशीर माफ करायची सोय कंपनीने ठेवावी आणि त्याला खंड समजू नये. २०२४ च्या परिपत्रकातही वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांसाठी ३० दिवस आणि मासिक हप्त्यासाठी १५ दिवस दिले आहेत. पण ग्रेस पिरियडमध्ये टिकते ती फक्त सलगता. वेटिंग पिरियडचे भरलेले महिने, बोनस, पहिल्या पॉलिसीची तारीख हे सगळं शाबूत राहतं. त्या रिकाम्या दिवसांत मात्र विम्याचं संरक्षण नसतं, अगदी अपघातालाही नाही. आमच्या बाबांना २२ तारखेला दाखल करावं लागलं असतं आणि २४ तारखेला आम्ही पैसे भरले असते, तरी ते बिल कंपनीने दिलं नसतं. वर्षाचा हप्ता तुकड्यांत भरणाऱ्यांसाठी २०२४ पासून नियम वेगळा आहे, त्यांना ग्रेस पिरियडमध्येही संरक्षण मिळतं. आम्ही वर्षाचा हप्ता एकदम भरणारे, त्यामुळे ते आम्हाला लागू नव्हतं.

भाऊबीजेच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मी पॉलिसीची पुस्तिका उघडून रिन्युअलचं कलम शोधलं. ते शेवटाकडच्या सर्वसाधारण अटींमध्ये असतं. आमच्यात स्पष्ट लिहिलं होतं की मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या ग्रेस पिरियडमध्ये नूतनीकरण केल्यास फायद्यांची सलगता राहील आणि खंड मानला जाणार नाही, मात्र त्या काळात संरक्षण उपलब्ध नसेल. त्या पानाची झेरॉक्स काढली. कॅलेंडरवर ३० दिवस मोजले तर १६ नोव्हेंबर येत होता आणि तो रविवार होता. शनिवारी शाखा बंद, म्हणजे आमच्यासाठी खरी शेवटची तारीख शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

शुक्रवारी, २४ ऑक्टोबरला, शाखा उघडल्या उघडल्या गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी संगणकावर नंबर टाकला आणि म्हणाले, ‘ही लॅप्स झालीय. नवीन प्रपोझल फॉर्म भरा, मेडिकल करून घ्या.’ मी पुस्तिकेतलं पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि मला आतल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘ब्रेक कंडोन होईल, पण आम्हाला लेखी अर्ज लागतो. कारण लिहा, पुरावा जोडा, दोघांचं गुड हेल्थ डिक्लरेशन द्या. ३० दिवसांच्या आतलं आहे, त्यामुळे शाखा व्यवस्थापकांच्या पातळीवर होईल.’

फोनवर एजंटकाकांनी दुसराच मार्ग सुचवला. ‘आत्ता ऑनलाइन नवीन पॉलिसी काढून टाक, संरक्षण लगेच सुरू होईल. जुन्या वर्षांचं आपण मागून जोडून घेऊ.’ ते मनापासून सांगत होते, बाबांची काळजी त्यांनाही होती. पण मी ते केलं नाही, आणि हे ज्यांच्यावर येईल त्यांनीही करू नये असं मला वाटतं. नवीन पॉलिसी काढली की आपणच नवीन प्रस्ताव दिला अशी नोंद होते. पहिल्या ३० दिवसांचा वेटिंग पिरियड, मधुमेहाचे ३६ महिने, गुडघ्यांचे ३६ महिने, सगळं पहिल्यापासून. नंतर जुनं जोडून द्यायला कंपनी कुठे बांधील राहते? शेजारच्या एकांनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून घ्या असंही सुचवलं, पण पोर्टिंगचा अर्ज पॉलिसी चालू असताना, रिन्युअलच्या आधी द्यायचा असतो. बंद पडलेल्या पॉलिसीला तो रस्ता नाही.

अर्ज मी तिथेच बाकावर बसून मराठीत लिहिला. मॅडम म्हणाल्या, मराठी चालेल, फक्त पॉलिसी क्रमांक आणि तारखा नीट असू देत. मजकूर साधारण असा होता:

> विषय: पॉलिसी क्रमांक अमुक-तमुक, नूतनीकरणातील १८ ते २३ ऑक्टोबर २०२५ या काळातील खंड माफ करून सलगतेचे फायदे कायम ठेवण्याबाबत.
>
> महोदय, वरील पॉलिसीची मुदत १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नूतनीकरणाचा हप्ता रु. ३४,२०० मी १६ ऑक्टोबर रोजी यूपीआयद्वारे भरला होता. व्यवहार अपुरा राहिल्याने रक्कम २१ ऑक्टोबर रोजी परत आली. बँकेचे विवरण व हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक सोबत जोडला आहे. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या कलमानुसार ३० दिवसांच्या ग्रेस पिरियडमध्ये हप्ता भरत आहे. सदर खंड माफ करून प्रतीक्षा कालावधी, संचित बोनस व पहिल्या पॉलिसीची तारीख १८ ऑक्टोबर २०२२ कायम ठेवावी, ही विनंती. खंडाच्या काळातील कोणत्याही खर्चाचा दावा आम्ही करणार नाही.

शेवटचं वाक्य मी बराच विचार करून घातलं. आपण तर मुदतीच्या आत पैसे भरले होते, मग १८ तारखेपासून संरक्षण होतंच असा दावा का करू नये, असा प्रश्न मनात येत होता. पण विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीवर जोखीम सुरू होत नाही, आणि इथे पैसे कंपनीपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्या दिवसांतला काही खर्चही आम्हाला मागायचा नव्हता. एकाच पत्रात ‘आमचं संरक्षण चालू होतं’ आणि ‘आमचा खंड माफ करा’ या दोन्ही गोष्टी घातल्या असत्या तर पत्र वरच्या कार्यालयात कायदेशीर मतासाठी गेलं असतं आणि १४ नोव्हेंबर उलटून गेला असता. त्या सहा दिवसांत कुणाला दाखल करावं लागलं असतं तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. आमची गरज सलगतेची होती, तेवढीच मागितली.

बँकेचं विवरण जोडताना एक लक्षात ठेवा. पैसे गेल्याची ओळ आणि परत आल्याची ओळ या दोन्ही एकाच कागदावर दिसायला हव्यात, आणि दोन्हींचा संदर्भ क्रमांक एकच असल्याचं पेनने खूण करून दाखवावं. नुसता मोबाइलचा स्क्रीनशॉट मॅडमनी बाजूला ठेवला, विवरणाची छापील प्रत मात्र लगेच फाइलला लावली.

मग आलं गुड हेल्थ डिक्लरेशन. हा एका पानाचा फॉर्म असतो. मुदत संपल्यापासून आजपर्यंत विमाधारकाला कुठला नवीन आजार झाला का, दुखापत झाली का, दाखल व्हावं लागलं का, कुठले उपचार किंवा तपासण्या सुचवल्या आहेत का, असे प्रश्न असतात आणि खाली प्रत्येकाची वेगळी सही. आई-बाबा घरी होते, म्हणून फॉर्म घेऊन मी घरी गेले. बाबांच्या तापाचं काय लिहायचं हा प्रश्न होताच. एजंटकाका म्हणाले, ‘ताप कशाला लिहिता, उगाच फाटे फुटतील.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘लिही. झालंय ते झालंय.’

आम्ही लिहिलं: ‘२२ ऑक्टोबर रोजी ताप व खोकला, बाह्यरुग्ण म्हणून उपचार, दाखल नाही, २३ ऑक्टोबरपासून ताप नाही.’ आईच्या रकान्यात लिहिलं की गुडघ्यांसाठी ऑपरेशनचा सल्ला खंड पडण्याच्या आधीपासून आहे. हे न लिहिणं किती महागात पडू शकतं याचा विचार करा. पॉलिसीला सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आमचे अजून ३६ महिनेच झाले होते. पुढे कधी छातीचा काही आजार निघाला असता आणि डॉक्टरांच्या कागदावर २२ ऑक्टोबरची नोंद सापडली असती, तर मिळालेल्या माफीवरच बोट ठेवता आलं असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली. खर्च म्हणाल तर त्यांची फी आणि झेरॉक्स एवढाच. उशिराबद्दल कंपनीने दंड किंवा जादा आकार काही लावला नाही.

दुपारी परत शाखेत. व्यवस्थापकांनी चिठ्ठी वाचली, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि अर्जावर खंड माफ केल्याचा शेरा लिहून सही केली. मी त्यांना विनंती केली की हप्ता आजच घ्या. कारण अर्ज मंजूर होऊनही पैसे सोमवारी घेतले, तर आणखी तीन दिवस आई-बाबा संरक्षणाशिवाय राहिले असते. रोखपालाची वेळ संपत आली होती, तरी त्यांनी धनादेश घेतला. पावतीवर वेळ होती दुपारी ३ वाजून ४० मिनिटं. अर्जाच्या माझ्या प्रतीवर आवक विभागाचा तारखेचा शिक्का मारून घेतला. धनादेश वटला नाही तर सगळंच रद्द होतं, म्हणून तो वटेपर्यंत खात्यात रक्कम राखून ठेवली.

समजा शाखेने पैसे घ्यायला नकार दिला असता तर? मॅडमनीच सांगितलं की अर्ज, धनादेश आणि डिक्लरेशन एकत्र आवकला देऊन शिक्का घ्यायचा, किंवा स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती ठेवायची. ३० दिवसांच्या आत आपण हप्ता देऊ केला होता याचा तोच पुरावा. ३१ व्या दिवशी हे सगळं कंपनीच्या मर्जीवर जातं, मग पॉलिसी नवीन धरली तर हातात फारसं काही उरत नाही.

मला वाटलं काम झालं. २८ ऑक्टोबरला ईमेलने पॉलिसी आली, आणि ती वाचताना पोटात गोळा आला.

शेड्यूलवर पॉलिसी क्रमांक नवीन होता. त्याला हरकत नाही, तो दरवर्षी बदलतोच. पण मागील पॉलिसी क्रमांकाची जागा रिकामी होती. आई आणि बाबा दोघांच्या नावापुढे पहिल्या पॉलिसीची तारीख २४ ऑक्टोबर २०२५ लिहिली होती. संचित बोनस शून्य. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात बाबांचा मधुमेह आणि रक्तदाब, आणि पुढे ३६ महिने. म्हणजे अर्जावर माफी आणि कागदावर नवीन पॉलिसी. हीच जागा सगळ्यात धोक्याची आहे, कारण हप्ता बरोबर असतो, नावं बरोबर असतात, रक्कम पाच लाख बरोबर असते, आणि या चार जागा न बघता माणूस फाइल कपाटात ठेवून देतो. चूक कळते ती हॉस्पिटलमध्ये.

त्याच दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी कारण सांगितलं. मुदत संपलेल्या पॉलिसीला त्यांच्या प्रणालीत रिन्युअलचा पर्याय बंद होतो. तो वरच्या कार्यालयाकडून उघडून घ्यावा लागतो. नोंद करणाऱ्याने तसं न करता नवीन पॉलिसी म्हणून माहिती भरली होती. ‘एन्डोर्समेंट करून देऊ, लेखी द्या,’ त्या म्हणाल्या. एन्डोर्समेंट म्हणजे पॉलिसीला जोडलं जाणारं दुरुस्तीपत्र.

२९ तारखेला लेखी दिलं. या वेळी पत्र अगदी छोटं होतं. चार चुका एकाखाली एक, प्रत्येकीपुढे काय हवं ते, आणि सोबत व्यवस्थापकांच्या शेऱ्याची प्रत व मागच्या तिन्ही वर्षांची शेड्यूल्स. तिन्ही शेड्यूल्स एकत्र लावल्याने सलगता कुणालाही एका नजरेत दिसते, म्हणून जुनी शेड्यूल्स टाकून देऊ नका.

मग काही दिवस काहीच नाही. फोन केला की ‘वर पाठवलंय’. मला १४ नोव्हेंबरची तारीख खुपत होती. माफी मंजूर होती हे खरं, पण ग्रेस पिरियड उलटल्यावर कुणी नव्या माणसाने फाइल उघडून प्रश्न काढला तर पुन्हा सगळं समजावत बसावं लागलं असतं. म्हणून ३ नोव्हेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यांचा पत्ता पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटी छापलेला असतो. विषयात पॉलिसी क्रमांक, मजकुरात फक्त तारखा आणि चार चुका. कुणाबद्दल तक्रारीचा सूर ठेवला नाही, कारण शाखेतल्या माणसांनी मदतच केली होती आणि पुढेही त्यांच्याकडूनच काम व्हायचं होतं.

कंपनीने तक्रारीचा निकाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. न दिल्यास नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, bimabharosa.irdai.gov.in इथे, किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे विमा लोकपाल. कंपनीने नकार दिला किंवा एक महिना उत्तरच दिलं नाही तर त्यांच्याकडे जाता येतं. त्यांच्याकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, फक्त नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. मी पोर्टलवरच्या तक्रारीचा मजकूर लिहून तयार ठेवला होता. तो वापरावा लागला नाही.

१२ नोव्हेंबरला एन्डोर्समेंट आलं. मागील पॉलिसी क्रमांक आला होता, दोघांचीही पहिली तारीख १८ ऑक्टोबर २०२२ झाली होती, बोनस ७५,००० दिसत होता. चौथी गोष्ट मात्र राहिली होती. बाबांच्या आजारांपुढे ३६ महिने तसेच. पुन्हा मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, पहिली तारीख बरोबर आहे, तर क्लेमच्या वेळी त्यावरूनच मोजतील. मी म्हटलं, ‘मॅडम, कागदावर स्पष्ट असू दे, क्लेमच्या वेळी समोर तुम्ही नसाल.’ त्यांना ते पटलं. १४ तारखेला दुरुस्त प्रत आली, त्यात त्या रकान्यात ‘प्रतीक्षा कालावधी पूर्ण’ असं होतं.

नवीन पॉलिसीची मुदत २४ ऑक्टोबर २०२५ दुपारी ३.४० पासून २३ ऑक्टोबर २०२६ च्या मध्यरात्रीपर्यंत आहे. म्हणजे आमची रिन्युअलची तारीख सहा दिवसांनी पुढे सरकली. काही कंपन्या जुनीच तारीख ठेवून वर्ष मोजतात आणि मधले दिवस फक्त संरक्षणातून वगळतात. तुमच्या शेड्यूलवर काय आहे ते बघून पुढच्या वर्षीची तारीख टिपून ठेवा. जुन्या तारखेवर लावलेली आठवण आणि बँकेत दिलेली आपोआप वजावटीची सूचनाही त्याप्रमाणे बदलावी लागते. आमची मी आता मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधीची ठेवली आहे, म्हणजे पैसे अडकून परत आले तरी दुसऱ्यांदा भरायला वेळ राहील.

जानेवारीत आईच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. हॉस्पिटलच्या विमा डेस्कने कॅशलेससाठी कागद पाठवले आणि अपेक्षेप्रमाणे टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, प्रश्न आला: ‘पॉलिसीच्या तारखांमध्ये खंड दिसतो, सलगतेचा पुरावा द्यावा.’ मी एन्डोर्समेंटची अंतिम प्रत, व्यवस्थापकांच्या शेऱ्याचा अर्ज आणि चारही वर्षांची शेड्यूल्स एकाच फाइलमध्ये करून डेस्कवर दिली. तिथल्या मुलीने ती लगेच चढवली. संध्याकाळच्या आत प्राथमिक मंजुरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दाखल केलं.